पॅरिसहून आणलेला आराखडा

१९३४ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या ग्रुप थिएटरने जॉन हॉवर्ड लॉसनचं ‘जंटलवुमन’ हे नाटक रंगमंचावर आणलं आणि ते थोड्याच प्रयोगांत बंद पडलं. दिग्दर्शक होता ली स्ट्रासबर्ग, मुख्य भूमिकेत स्टेला ॲडलर. नाटकं पडतच असतात. पण ॲडलरला लागलेली टोचणी नाटक पडल्याची नव्हती. यिडिश रंगभूमीवरचे थोर नट जेकब ॲडलर यांची ती मुलगी. कळायला लागायच्या आधीपासून ती रंगमंचावर उभी राहत होती आणि तिथे तिला कधी भीती वाटली नव्हती. ग्रुप थिएटरमध्ये आल्यावर मात्र अभिनय तिला जड जाऊ लागला होता. प्रत्येक मोठ्या प्रसंगाआधी स्वतःच्या आयुष्यातलं एखादं दुखणं उकरून काढायचं आणि ते घेऊन रंगमंचावर जायचं, ही स्ट्रासबर्गची शिस्त तिला पटेना. त्या उन्हाळ्यात तिला पॅरिसमध्ये कॉन्स्टांटिन स्तानिस्लावस्की भेटले. स्ट्रासबर्ग ज्यांचं नाव घेऊन हे सगळं शिकवत होता, तेच. तब्येतीच्या कारणाने ते तेव्हा फ्रान्समध्ये राहत होते. ॲडलरने त्यांना तोंडावर सांगितलं की तुमची पद्धत शिकले आणि माझा अभिनयातला आनंद गेला.

ही तक्रार नीट कळायची तर मागे जावं लागतं.

स्तानिस्लावस्कींनी १८९८ मध्ये नेमिरोविच-दान्चेन्कोंबरोबर मॉस्को आर्ट थिएटर उभं केलं. चेखवची नाटकं त्यांनी गाजवली, पण १९०६ च्या सुमारास त्यांना स्वतःच्याच भूमिका कोरड्या वाटायला लागल्या. हातवारे तेच, आवाजाची चढउतार तीच, लोक टाळ्याही वाजवत होते. आतून मात्र काही हलत नव्हतं. पहिल्या काही प्रयोगांत आपोआप आलेली भावना शंभराव्या प्रयोगाला कशी आणायची, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर शोधताना त्यांच्या हाती तेओद्यूल रिबो या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाचं लेखन आलं. माणसाला घटना आठवते तशी त्या घटनेतली भावनाही आठवू शकते, असं रिबोचं म्हणणं होतं. त्यावरून स्तानिस्लावस्कींनी नटांसाठी भावस्मृतीचे प्रयोग सुरू केले. १९१२ मध्ये काढलेल्या ‘फर्स्ट स्टुडिओ’त तरुण नटांनी त्यावर पुष्कळ काम केलं. रिचर्ड बोलेस्लावस्की आणि मारिया ऊस्पेन्स्काया हे दोघे त्यांच्यातलेच.

जानेवारी १९२३ मध्ये मॉस्को आर्ट थिएटर न्यूयॉर्कला आलं. नाटकं रशियन भाषेत होती; प्रेक्षकांतल्या बहुतेकांना एक अक्षर कळत नव्हतं. तरी ब्रॉडवेवरचे नट ती पाहायला पुन्हा पुन्हा जात होते. मुख्य भूमिका करणारा आणि दोन वाक्यं बोलून जाणारा, दोघेही सारखेच खरे वाटत होते. रंगमंचावरचा प्रत्येक माणूस कुठून तरी आला आहे आणि त्याला कुठे तरी जायचं आहे, असं दिसत होतं. हे पाहणाऱ्यांत विशीतला स्ट्रासबर्गही होता. तो १९०१ मध्ये त्या काळच्या ऑस्ट्रिया-हंगेरीतल्या एका गावात जन्मला, लहानपणी न्यूयॉर्कला आला आणि तिथे केसांचे टोप बनवण्याच्या धंद्यात काम करत होता. बोलेस्लावस्की आणि ऊस्पेन्स्काया यांनी अमेरिकेत राहून अमेरिकन लॅबोरेटरी थिएटर सुरू केलं, तेव्हा स्ट्रासबर्ग तिथे शिकायला गेला. तिथे त्याच्या हाती आलं ते फर्स्ट स्टुडिओच्या काळातलं शिक्षण, म्हणजे भावस्मृतीने भारलेल्या दिवसांतलं. मॉस्कोत स्वतः स्तानिस्लावस्की तोवर पुढे सरकले होते आणि ते न्यूयॉर्कमध्ये कुणाला ठाऊक नव्हतं. पुढच्या सगळ्या वादाचं मूळ मला या अंतरात दिसतं.

१९३१ मध्ये हॅरॉल्ड क्लर्मन, चेरिल क्रॉफर्ड आणि स्ट्रासबर्ग या तिघांनी ग्रुप थिएटर काढलं. अठ्ठावीस नटांना घेऊन ते कनेक्टिकटमधल्या ब्रुकफील्ड सेंटर या खेड्यात उन्हाळाभर तालमीला गेले. महामंदीचे दिवस होते. स्टार नटांभोवती फिरणाऱ्या ब्रॉडवेला उत्तर म्हणून सगळ्यांनी एकाच पद्धतीने शिकायचं, एकत्र राहायचं, एकत्र उभं राहायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. तालमी घेण्याचं काम स्ट्रासबर्गकडे आलं आणि ‘मेथड’ म्हणून पुढे जे ओळखलं गेलं, त्याचा पाया इथे पडला.

स्ट्रासबर्गच्या कामाची रीत ठरलेली होती आणि पुढच्या पन्नास वर्षांत ती अधिकच पक्की झाली. नट आधी साध्या खुर्चीत बसतो आणि अंग सैल सोडतो. मान, कपाळ, डोळ्यांच्या कडा, जबडा, एकेक जागा तपासत जातो, कारण ताणलेल्या स्नायूंतून भावना वाट काढू शकत नाही, अशी स्ट्रासबर्गची खात्री होती. मग संवेदनस्मृतीचे पाठ. हातात काही नसताना कॉफीचा कप धरायचा. कप धरल्याचं सोंग करायचं नाही. त्याचं वजन कुठल्या बोटावर येतं, ऊब तळव्याला आधी लागते की बोटांच्या टोकांना, वाफ ओठाजवळ कधी जाणवते, हे एकेक आठवून अंगात परत आणायचं. आठवडे जायचे यात. मग आरशासमोरची दाढी किंवा वेणीफणी, बूट-मोजे घालणं, अंगावरचं ऊन, कडक थंडी, एखादी तीव्र वेदना.

भावस्मृती ही याच्या पुढची पायरी, आणि तिच्याबद्दलचे गैरसमज सर्वांत जास्त आहेत. समजा, नटीला रंगमंचावर कुणाच्या तरी मृत्यूची बातमी ऐकायची आहे. स्ट्रासबर्ग तिला तिच्या आयुष्यातली अशीच एखादी घटना निवडायला सांगतो. मात्र ती निदान सात वर्षं जुनी हवी, कारण ताजी जखम हातात राहत नाही. मग दुःख आठवायचं नाही. आपण त्या दिवशी कुठे बसलो होतो, अंगावर कोणता कपडा होता, त्याचा मानेला स्पर्श कसा होता, खोलीत उजेड कुठून येत होता, कसला वास होता, बाहेर कुठला आवाज चालू होता, एवढंच क्रमाने आठवत जायचं. भावनेकडे पाहायचंच नाही. यातलाच एखादा तपशील, पुष्कळदा अगदी फुटकळ, अचानक भावनेचं दार उघडतो. तो तपशील कोणता ते कळलं की नटीच्या हाती किल्ली येते. सरावाने ती ही सगळी वाट मिनिटाभरात चालून जाते, म्हणजे प्रसंग यायच्या मिनिटभर आधी सुरुवात केली की भावना वेळेवर हजर. प्रेक्षकाला वाटतं ती नाटकातल्या मृत्यूवर रडते आहे. ती रडते आहे ती आपल्या घरातल्या कुठल्या तरी जुन्या दुपारी.

या रीतीने काम व्हायचं, यात शंका नाही. ‘मेन इन व्हाइट’ हे सिडनी किंग्जलीचं इस्पितळावरचं नाटक स्ट्रासबर्गने १९३३ मध्ये बसवलं आणि त्याला पुलित्झर मिळालं. नटांनी त्यासाठी इस्पितळांत जाऊन काम पाहिलं होतं, आणि शस्त्रक्रियेच्या प्रसंगात शब्दांवाचून चाललेल्या त्यांच्या हालचाली लोक श्वास रोखून पाहत. पण पदरी नेहमी असंच यश येत नव्हतं. काही नट आपल्याच आठवणींत इतके बुडायचे की समोरचा काय बोलतो आहे, हे त्यांच्या कानी पडायचं नाही. ॲडलर ज्याला कंटाळली होती ते हेच.

पॅरिसमध्ये सुमारे पाच आठवडे ती स्तानिस्लावस्कींकडे जात राहिली. दोघांची भाषा फ्रेंच. पडलेल्या ‘जंटलवुमन’मधलेच प्रसंग घेऊन त्यांनी काम केलं. स्तानिस्लावस्कींनी तिला सांगितलेल्या गोष्टीचं सार असं: भावस्मृती हा शेवटचा उपाय, बाकी सगळं थकल्यावर वापरायचा. आधी संहितेने दिलेली परिस्थिती नीट पाहा. ही बाई कुठल्या घरात राहते, किती पैसे आहेत, आत्ता किती वाजलेत, खिडकीबाहेर काय आहे. मग विचार, की अशा परिस्थितीत मी असते तर काय केलं असतं. ‘काय वाटलं असतं’ हा प्रश्न नाही; ‘काय केलं असतं’ हा प्रश्न. कृती खरी झाली की भावना तिच्या मागून येते, तिला हाका मारत बसावं लागत नाही.

अभिनयाच्या शिक्षणावरच्या त्यांच्या पहिल्या पुस्तकात एक प्रसंग आहे, तो इथे उपयोगी पडतो. पुस्तकाचा मराठी अनुवाद के. नारायण काळे यांनी ‘अभिनय साधना’ या नावाने केला आहे. एका विद्यार्थिनीला पडद्यात टोचलेली पिन शोधायला सांगतात. पहिल्यांदा ती छाती धरते, धावते, डोकं धरते, पिन शोधायचं विसरूनच जाते, आणि वर तिला वाटतं आपण फार छान केलं. मग गुरू सांगतात, पिन सापडली नाही तर शाळेतून नाव काढलं जाईल. आता ती पडद्याची घडी न् घडी उलगडून पाहते, हळूहळू, चेहऱ्यावर कसलाही आविर्भाव नाही, आणि पाहणाऱ्यांच्या पोटात गोळा येतो. तिला स्वतःला मात्र पहिलाच प्रयत्न बरा वाटतो.

ऑगस्टमध्ये ॲडलर परतली तेव्हा ग्रुप थिएटर न्यूयॉर्क राज्यातल्या एलेनव्हिल इथे तालमीला उतरलं होतं. स्तानिस्लावस्कींनी समजावलेल्या सगळ्या पद्धतीचा एक आराखडा तिने आणला होता. तो सगळ्यांसमोर ठेवून तिने सांगितलं की आपण चुकीच्या टोकाला जोर देतो आहोत. बऱ्याच नटांना सुटल्यासारखं झालं. स्ट्रासबर्गने ऐकून घेतलं, पण मान्य केलं नाही. आपण शिकवतो ती स्तानिस्लावस्कींची नक्कल नसून त्यातून काढलेली आपली वेगळी पद्धत आहे, ही भूमिका त्याने घेतली आणि शेवटपर्यंत सोडली नाही. १९३७ मध्ये तो ग्रुपमधून बाहेर पडला. १९४१ मध्ये ग्रुपच बंद झाला. पण त्या उन्हाळ्यात पडलेल्या फटीतून अमेरिकन अभिनयाच्या तीन शाळा निघाल्या. स्ट्रासबर्गची स्मृतीची. ॲडलरची परिस्थितीची आणि कल्पनेची. आणि ग्रुपमधलाच तरुण नट सॅनफर्ड माइझ्नर याची तिसरी, जी सगळं लक्ष समोरच्या नटावर लावते. माइझ्नरच्या वर्गात दोघांना समोरासमोर बसवून एकच वाक्य पुन्हा पुन्हा परतवायला लावत, तोंड बधिर होईपर्यंत, जोवर वाक्य मागे पडून फक्त समोरच्या माणसाचा चेहरा उरत नाही. बाहेरचं जग मात्र या तिन्हींना सरसकट ‘मेथड’च म्हणत राहिलं.

यातली सर्वांत मोठी गल्लत मार्लन ब्रँडोबद्दल झाली. मेथड म्हटलं की त्याचं नाव निघतं आणि तो होता ॲडलरचा विद्यार्थी. १९४० च्या दशकात न्यू स्कूलच्या नाट्यशाखेत तो तिच्याकडे शिकला. अ‍ॅक्टर्स स्टुडिओ १९४७ च्या ऑक्टोबरमध्ये निघाला तो इलिया कझान, चेरिल क्रॉफर्ड आणि रॉबर्ट लुइस यांच्या पुढाकाराने. स्ट्रासबर्ग तिथे नंतर आला आणि १९५१ पासून त्याचा प्रमुख झाला. ब्रँडोने पुढे आत्मचरित्रात साफ म्हटलं की आपल्याला स्ट्रासबर्गने काहीही शिकवलेलं नाही, जे काही श्रेय आहे ते ॲडलरचं आणि कझानचं.

‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’ ३ डिसेंबर १९४७ ला ब्रॉडवेवर उघडलं. दिग्दर्शक कझान, तोही ग्रुप थिएटरमध्ये वाढलेला. स्टॅन्ली कोवाल्स्की झालेला ब्रँडो तेवीस वर्षांचा होता. आपल्याकडे विजय तेंडुलकरांनी हेच नाटक ‘वासनाचक्र’ म्हणून आणलं, त्यामुळे मराठी प्रेक्षकाला त्याची गोष्ट अनोळखी नाही. लंडनमध्ये १९४९ ला ॲल्डविच थिएटरमध्ये ते झालं तेव्हा दिग्दर्शक होता लॉरेन्स ऑलिव्हिए आणि नायिका ब्लांच होती त्याची पत्नी व्हिव्हियन ली. १९५१ च्या चित्रपटात कझानने बहुतेक मंडळी ब्रॉडवेवरची ठेवली. ब्लांच मात्र लंडनहून आणली. म्हणजे एकाच चौकटीत दोन परंपरा समोरासमोर आल्या. अभिनयातला फरक बघायला शिकायचं असेल तर माझ्या मते यासारखा दुसरा चित्रपट नाही.

ली लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्टमध्ये शिकलेली. इंग्लिश परंपरेत नट शब्दापासून निघतो. वाक्याचा श्वास कुठे, जोर कुठल्या शब्दावर, चाल कशी, हे आधी ठरतं. ऑलिव्हिए तर नाकाच्या आकारापासून भूमिका रचायला सुरुवात करायचा. भावना आवाजात असते आणि विचार वाक्याबरोबर चालतो. लीच्या ब्लांचकडे याच दृष्टीने पाहा. तिचं प्रत्येक वाक्य वर चढतं, कडेला थरथरतं, खाली उतरतं. हात आवाजाच्या लयीत हलतात. चित्रीकरणाच्या सुरुवातीच्या दिवसांत लंडनमध्ये आपण हे कसं केलं होतं, असं ती कझानला सांगायची आणि दोघांचे खटके उडायचे. तिला ऑस्कर मिळालं, आणि ते योग्यच होतं.

आता ब्रँडो. ब्लांच घरात आलेली त्याला प्रथम दिसते त्या प्रसंगात तो घामाचा शर्ट काढतो, अंग खाजवतो, आणि हे करत असताना बोलतो. वाक्य त्याच्या हातातल्या कामाच्या मधेच सुटतं, कधी दोन तुकड्यांत. ब्लांचची ट्रंक उघडून तो तिचे कपडे आणि दागिने बाहेर काढतो तेव्हा त्याचा राग आवाजात दिसण्याआधी हातात दिसतो. त्या फरच्या वस्तू तो ज्या तऱ्हेने धरतो त्यात त्यांची किंमत न कळणाऱ्या आणि तरी त्या किमतीने डिवचलेल्या माणसाचा सगळा स्वभाव आहे. वाढदिवसाच्या जेवणात तो हाताने खातो, बोटं चाटतो, बायको टोकते, आणि तो टेबलावरचं ताट फोडतो. पण त्या ताट फोडण्याकडे पाहू नका, त्याच्या आधीच्या खाण्याकडे पाहा. टोकलं जाण्याच्या क्षणी चावणं थांबतं. त्या थांबण्यात ठिणगी आहे. पुढचं सगळं त्याचा धूर.

म्हणून पहिली खूण मी ही धरते: विचार आणि शब्द यांच्यात वेळ जातो का. शब्दापासून निघणाऱ्या नटाचा विचार वाक्याबरोबर येतो. आतून काम करणाऱ्या नटात काहीतरी आधी घडतं, श्वास बदलतो, नजर हलते, गिळणं होतं, आणि मग शब्द येतो, पुष्कळदा त्या घडलेल्याला लपवण्यासाठी. दुसरी खूण वस्तूंची. कप, सिगारेट, बटण यांना वजन आणि तापमान आहे का. कॉफीच्या कपाचे ते कंटाळवाणे पाठ इथे कामाला येतात. नुसती वस्तू हाताळणं म्हणजे मेथड नव्हे. शब्दाला विरोध करणारी हाताळणी शोधा.

‘ऑन द वॉटरफ्रंट’मधला हातमोज्याचा प्रसंग याचा उत्तम नमुना. हा चित्रपट १९५४ चा, दिग्दर्शक पुन्हा कझान. न्यूयॉर्कहून नदीपलीकडच्या होबोकन इथे कडाक्याच्या थंडीत तो चित्रित झाला. टेरी, म्हणजे ब्रँडो, आणि ईडी बागेतून चालतात. ईडी झालेली ईव्हा मारी सेंटही अ‍ॅक्टर्स स्टुडिओची. तिचा पांढरा हातमोजा खाली पडतो. हे तालमीत चुकून घडलं आणि पुढे चित्रपटात राहिलं. एरवी नट मोजा उचलून परत देतो, नाहीतर दिग्दर्शक ‘पुन्हा घेऊ’ म्हणतो. ब्रँडो तो उचलतो, त्यावरची घाण झटकतो, झोपाळ्यावर बसतो, बोलत राहतो आणि देत नाही. मग तो मोजा आपल्या जाड हातावर चढवतो. तिच्या भावाच्या मृत्यूत याचा हात आहे, तिला याच्यापासून दूर जायचंय आणि मोजा त्याच्याकडे असल्यामुळे जाता येत नाही. दोघांच्या बोलण्यात यातला एक शब्द नाही. ही भावस्मृती नव्हे. परिस्थिती मनात इतकी भिनलेली की अपघातसुद्धा तिच्या कामी आला. ॲडलर पॅरिसहून जे घेऊन आली होती ते पडद्यावर बघायचं असेल तर ते इथे आहे.

याच चित्रपटात टॅक्सीतला प्रसिद्ध प्रसंग आहे. मोठा भाऊ चार्ली पिस्तूल काढतो आणि टेरी ते हाताने हळूच बाजूला करतो. घाबरत नाही, त्याला भावाची लाज वाटते. आवाज वर जाण्याऐवजी खाली येतो. चार्ली झालेला रॉड स्टायगरही स्टुडिओचाच. त्याच्या जवळच्या चौकटी घेताना मात्र ब्रँडो निघून गेला होता आणि त्याची वाक्यं दुसऱ्याच कुणी वाचली. स्टायगरने याचा राग वर्षानुवर्षं मनात ठेवला. आता तो प्रसंग पुन्हा पाहिला तर स्टायगर ज्या चेहऱ्याला इतक्या ओलाव्याने उत्तर देतो आहे, तो चेहरा तिथे नाही, हे माहीत असूनही ओळखू येत नाही. समोरच्या नटावरच सगळं उभं आहे, असं मानणाऱ्या माइझ्नरच्या शाळेला हा प्रसंग अडचणीत टाकतो, आणि स्ट्रासबर्गच्या बाजूने बोलणारा हा फार मोठा पुरावा आहे असं मला वाटतं. नटाकडे आतला साठा असेल तर तो रिकाम्या जागेकडे बघूनही जगू शकतो.

पण तोच साठा नाटकाला बुडवूही शकतो. स्ट्रासबर्गने १९६४ मध्ये अ‍ॅक्टर्स स्टुडिओच्या मंडळींना घेऊन चेखवचं ‘थ्री सिस्टर्स’ बसवलं. ज्या मॉस्को आर्ट थिएटरला पाहून तो या वाटेला लागला, त्यांचंच हे नाटक. पुढच्या वर्षी ते लंडनला गेलं, त्याच ॲल्डविच थिएटरमध्ये जिथे ली ब्लांच झाली होती. तिथे त्याची दाणादाण उडाली. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, समीक्षकांनी फाडून खाल्लं. नाटक संथ, नट पुटपुटणारे, प्रत्येकजण आपापल्या दुःखात गुरफटलेला. चेखवच्या नाटकात माणसं एकमेकांचं ऐकत नाहीत, हे खरं आहे. पण नटांनी एकमेकांचं ऐकलंच पाहिजे, तेव्हाच पात्रांचं न ऐकणं दिसतं.

ही पद्धत फसली की कशी दिसते, हे या पडझडीतून शिकता येतं. भावना कारणाच्या आधी पोहोचते: बातमी यायची असते आणि नटीचे डोळे आधीच भरलेले असतात. भावना प्रसंगापेक्षा मोठी असते, कारण ती दुसऱ्याच घटनेसाठी कमावलेली असते. नजर आत वळलेली असते आणि समोरचा बोलायचा थांबला तरी तिच्यात फरक पडत नाही. वाक्यांची टोकं विरून जातात. आणि पॉज येतात, पण त्यात काही घडत नाही. शंका आली तर मी आवाज बंद करून बोलणाऱ्याऐवजी ऐकणाऱ्याकडे बघते. ऐकणाऱ्याचा श्वास समोरच्याच्या ओठांबरोबर बदलत असेल तर तो त्या खोलीत आहे. नसेल तर तो आपल्या जुन्या दुपारी अडकलेला आहे.

‘मेथड’ हा शब्द पुढे आणखी घसरला. रॉबर्ट डी निरोने ‘रेजिंग बुल’साठी सत्तावीसएक किलो वजन वाढवलं, डॅनियल डे-लुइस ‘माय लेफ्ट फूट’च्या चित्रीकरणात दिवसभर व्हीलचेअरमध्येच राहिला, आणि लोक याला मेथड म्हणू लागले. स्ट्रासबर्गच्या पाठांत वजन वाढवणं नाही आणि चित्रीकरण संपल्यावरही भूमिकेत राहणं नाही. डे-लुइस तर ब्रिस्टल ओल्ड व्हिकमध्ये शिकलेला इंग्लिश नट. या तयारीचं मोल कमी नाही, पण तिने नट काय करतो ते कळतं. कॅमेऱ्यासमोरच्या त्या मिनिटात भावना कुठून येते ते कळत नाही. बातम्या वाचून मेथड ओळखायला गेलं की हमखास चुकतं, ते यामुळेच.

१९७४ च्या ‘गॉडफादर भाग २’मध्ये हा सगळा इतिहास एकत्र आला. मायकल कॉर्लिओनी आहे अल पचिनो, स्ट्रासबर्गचा लाडका विद्यार्थी. त्याच्यासमोर म्हातारा हायमन रॉथ आहे खुद्द स्ट्रासबर्ग, सत्तरी ओलांडून चित्रपटात उभा राहिलेला. तरुण व्हितो आहे डी निरो, ॲडलरच्या शाळेत शिकलेला. डी निरोचं काम बाहेरून रचलेलं आहे आणि ते लपत नाही. आधीच्या भागातल्या ब्रँडोच्या लकबी त्याने पाहून पाहून उचलल्या, तो घोगरा आवाज, ते हाताचं गालाजवळ जाणं, आणि सिसिलियन बोली शिकून घेतली. त्याच्या व्हितोची शांतता परिस्थितीतून येते: परक्या शहरात कमी बोलणारा माणूस जास्त पाहतो.

स्ट्रासबर्गचं काम नेमकं उलट दिशेने येतं. हवानातल्या खोलीत रॉथ मायकलला मो ग्रीनबद्दल सांगतो, आपल्याबरोबर लहानाचा मोठा झालेला आणि कुणीतरी ठार मारलेला मित्र. अधूनमधून प्रकृतीची कुरकुर करणारा हा थकलेला म्हातारा आवाज चढवत नाही. श्वास मात्र आखूड होतो, शब्दांच्या मधे अडकायला लागतो, आणि पाहता पाहता कळतं की या माणसाचा राग इतका जुना आहे की त्याने त्याच्याबरोबर राहायची सवय करून घेतली आहे. समोर पचिनो बसलेला आहे, हलत नाही. त्याच्या डोळ्यांकडे पाहा: गुरूच्या प्रत्येक अडलेल्या श्वासाला तिथे उत्तर मिळतं. चाळीसहून अधिक वर्षं इतरांना जे करायला सांगितलं ते स्ट्रासबर्गने त्या मिनिटांत स्वतः करून दाखवलं. सहायक अभिनेत्याच्या ऑस्करसाठी त्या वर्षी तो आणि डी निरो दोघेही होते. बक्षीस डी निरोला, ॲडलरच्या विद्यार्थ्याला मिळालं.